फळा पुसला, पण अक्षरं गेली नाहीत

कॉमर्सच्या क्लासमध्ये फळ्यावर आजचा ताळेबंद मांडलेला असतो आणि त्याच्या मागून गेल्या महिन्यातला घसाऱ्याचा तक्ता डोकावत असतो. डस्टर फिरवून झालेलं असतं, ओलं फडकंही मारून झालेलं असतं, तरी मागच्या बाकावरच्या मुलाला तीनाचा आठ दिसतो. नवा असताना एका हातात लख्ख होणारा व्हाइटबोर्ड काही महिन्यांत असा राखाडी, कळकट होतो. शाळा आणि क्लासच नाही, सोसायटीचं ऑफिस, कारखान्यातला उत्पादनाच्या आकड्यांचा फळा, दवाखान्यात डॉक्टरांच्या वेळा लिहिलेला फळा, सगळीकडे हीच तक्रार ऐकू येते.

मग उपाय सुरू होतात. कुणी टूथपेस्ट चोळतं, कुणी भांड्यांची घासणी घेतं, कुणी रंगाऱ्याकडून थिनर मागून आणतं. पहिल्या दिवशी फळा खरोखरच पांढरा दिसतो आणि उपाय लागू पडला असं वाटतं. आठ-पंधरा दिवसांत मात्र डाग पूर्वीपेक्षा लवकर बसू लागतात, आणि या वेळी ते टूथपेस्टलाही दाद देत नाहीत.

याचं कारण असं, की वरून सारख्या दिसणाऱ्या या डागांच्या जागा दोन असतात. काही डाग फळ्याच्या पृष्ठभागावर साचलेले असतात, तर काही त्या पृष्ठभागातल्या बारीक चिरांत आणि छिद्रांत शिरलेले असतात. वर साचलेले डाग बहुतेक वेळा पूर्ण निघतात. आत शिरलेले निघत नाहीत किंवा अर्धवट निघतात. खरखरीत वस्तूने घासलं की नव्या चिरा पडतात, आणि आज वरवर असलेल्या डागाला उद्या आत शिरायला वाट मिळते. म्हणून हात घालण्याआधी आपला डाग कुठला हे ओळखायला हवं.

शाई पुसली का जाते?

व्हाइटबोर्ड मार्करच्या शाईत चार गोष्टी असतात. पहिली म्हणजे लवकर उडून जाणारं द्रव, बहुधा कुठलं तरी अल्कोहोल. टोपण उघडल्यावर येणारा वास त्याचाच. दुसरी रंग. तिसरं रेझिन, म्हणजे रंगाचे कण एकत्र धरून ठेवणारा चिकट पदार्थ. चौथा घटक रंगाने दिसत नाही, पण सगळी करामत त्याची असते. तो एक तेलकट, निसरडा पदार्थ असतो. इडलीपात्राला तेलाचा हात फिरवला की इडली जशी तळाला न चिकटता सुटून येते, तसा हा पदार्थ वाळलेली शाई आणि फळा यांच्यात राहतो आणि शाईला घट्ट चिकटू देत नाही. त्यामुळे कोरड्या डस्टरचा एक फटकारा पुरतो.

हे घरीच बघता येतं. चिनी मातीच्या गुळगुळीत बशीत व्हाइटबोर्ड मार्करने एखादा मासा काढावा, एखादं मिनिट वाळू द्यावा आणि बशीच्या कडेने हळूहळू पाणी सोडावं. मासा बशीचा तळ सोडून अख्खाच्या अख्खा पाण्यावर तरंगू लागतो. वाळलेली शाई म्हणजे एक पातळ पापुद्रा असतो आणि त्याने बशीला धरलेलंच नसतं. हाच मासा परमनंट मार्करने काढला तर तळालाच राहतो. त्या शाईत हा निसरडा घटक नसतो आणि तिचं रेझिन मुद्दाम पक्कं धरणारं निवडलेलं असतं.

ही सोय कायमची नसते. लिहिलेलं दोन-चार मिनिटांत किंवा दिवसाअखेर पुसलं, तर पापुद्रा सैल असतो. तीच अक्षरं दोन महिने तशीच राहिली, तर उरलंसुरलं द्रव उडून जातं, तेलकट घटकाचा परिणाम ओसरतो आणि रेझिन फळ्यावर कडक होऊन बसतं. फळा खिडकीसमोर असेल आणि त्यावर ऊन येत असेल, तर हे आणखी लवकर घडतं. रोज बदलणाऱ्या गणितांपेक्षा कोपऱ्यात लिहून ठेवलेलं वेळापत्रक नेहमी जास्त पक्कं का बसतं, ते यावरून कळतं.

फळा कशाचा आहे?

शाईइतकाच फळाही महत्त्वाचा, कारण ‘व्हाइटबोर्ड’ या एकाच नावाखाली निदान चार वेगळ्या वस्तू विकल्या जातात.

सगळ्यात स्वस्त आणि म्हणून सगळ्यात जास्त दिसणारा फळा मेलामाइनचा. एमडीएफ किंवा हार्डबोर्डच्या फळीवर मेलामाइन रेझिनमध्ये भिजवलेल्या कागदाचा पातळ थर दाबून बसवलेला असतो. कपाटांना लावतात त्या सनमायकाच्याच जातकुळीतला हा थर. नवा असताना तो गुळगुळीत असतो, पण पातळ असतो आणि रोजच्या घासण्याने झिजतो. त्याच्यावर बारीक छिद्रं उघडी पडली की शाई आत उतरते. डागांची तक्रार सर्वाधिक याच फळ्याबद्दल असते.

दुसरा प्रकार पत्र्याचा. पोलादी पत्र्यावर रंगाचा चकचकीत थर चढवलेला असतो. मेलामाइनपेक्षा तो टिकतो, पण रंगच असल्यामुळे तीव्र रसायनांनी मऊ पडतो आणि ओरखडेही घेतो. तिसरा प्रकार इनॅमलचा, ज्याला काही दुकानदार सिरॅमिक म्हणतात. यात पत्र्यावर काचेच्या भुकटीचा थर देऊन तो सुमारे 800 अंश सेल्सिअसला भाजतात, म्हणून लिहायचा पृष्ठभाग खरं तर काचेचाच असतो. अशा लिहायच्या इनॅमल पत्र्यांसाठी आयएसओ 28762 हे आंतरराष्ट्रीय मानकही 2010 मध्ये निघालं. चौथा प्रकार सरळ काचेचा.

ओळखायला एक लोहचुंबक पुरतो. तो चिकटला नाही आणि फळा लाकडी फळीसारखा वाजला, तर मेलामाइन समजायला हरकत नाही. चिकटला, तर पत्रा आहे. मग रंग की इनॅमल हे बिलावर किंवा फळ्याच्या मागच्या लेबलवर सापडतं. काचेचा फळा कडेच्या हिरवट झाकेवरून कळतो. इनॅमल आणि काच यांवरचे डाग जवळजवळ नेहमी वरचेच असतात, त्यामुळे त्यांच्या मालकांनी फार काळजी करू नये. मेलामाइन आणि रंगीत पत्रा यांच्याबाबतीत मात्र दोन्ही शक्यता असतात.

तळहाताएवढ्या जागेची परीक्षा

सुरुवातीला एक अगदी साधी गोष्ट बघून घ्यावी. फळ्याच्या कोपऱ्यात, चौकटीच्या कडेशी नखाने उचकटून पाहावं. कारखान्यातून येताना लावलेली पारदर्शक संरक्षक फिल्म काढायची राहून जाते आणि लोक महिनोन् महिने त्या प्लॅस्टिकवरच लिहीत असतात. ती लिहिण्यासाठी नसते, त्यामुळे डाग धरते. सोलून काढली की खाली कोरा फळा असतो.

फिल्म नसेल तर टॉर्च घ्यावा. खोलीतले दिवे मालवून टॉर्च फळ्याला जवळजवळ टेकवून आडवा धरला, की समोरून न दिसणारी झीज दिसते. कडेचा भाग चकचकीत आणि मधला, रोज हात फिरतो तो भाग मंद, त्यावर डस्टरच्या दिशेने गेलेल्या बारीक रेघा, असं दिसलं तर पृष्ठभाग घासला गेला आहे.

यानंतरची परीक्षा सगळ्यात महत्त्वाची. जास्त डाग असलेल्या भागात तळहाताएवढा चौकोन ठरवावा. पांढऱ्या सुती फडक्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन तो चौकोन पुसावा, लगेच दुसऱ्या कोरड्या फडक्याने टिपावा, मग पाण्याने ओलसर केलेलं फडकं फिरवावं आणि कोरडा करावा. फडकं पांढरं हवं, कारण फडक्यावर काय आलं हेच बघायचं असतं. आता त्या चौकोनात नव्या मार्करने एक रेघ मारावी, दहा-पंधरा सेकंद वाळू द्यावी आणि स्वच्छ कापडाने पुसावी.

फडक्यावर रंग आला, चौकोन पांढरा झाला आणि नवी रेघही साफ पुसली गेली, तर डाग वरचा होता. सगळा फळा असाच निघेल. फडक्यावर सुरुवातीला रंग आला, नंतर कोरं फडकं कोरंच राहू लागलं, पण फळ्यावरची पुसट अक्षरं तशीच आहेत, तर ती शाई आत शिरली आहे. आणि चौकोन पांढरा झाला, पण नव्या रेघेची सावली लगेच राहिली, तर पृष्ठभाग झिजला आहे. असा फळा कितीही स्वच्छ केला तरी दोन दिवसांत पुन्हा तसाच होईल.

एका फळ्याची साफसफाई

तालुक्याच्या गावातल्या अकाउंट्सच्या क्लासमधला एक फळा नमुन्यादाखल घेऊ. सहा बाय चार फुटांचा, मेलामाइनचा, वर्षभर रोज वापरातला. त्याच्यावर तीन तऱ्हेचे डाग आहेत. डाव्या कोपऱ्यात जूनपासून न पुसलेलं बॅचचं वेळापत्रक. मधोमध राखाडी ढग आणि त्यात जुन्या आकड्यांच्या पुसट ओळी. वरच्या बाजूला लाल अक्षरांत एक मथळा, जो कुणीतरी चुकून परमनंट मार्करने लिहिला आणि आता हलत नाही.

सामान थोडंच लागतं. आयसोप्रोपिल अल्कोहोलची शंभर मिलीची बाटली एवढ्या फळ्याला पुरते. ते औषधांच्या दुकानात मिळतं. मोबाइल दुरुस्तीवाले त्याला आयपीए म्हणतात आणि सर्किट साफ करायला वापरतात, त्यांच्याकडूनही मिळू शकतं. सत्तर टक्क्यांचं चालतं. सर्जिकल स्पिरिट घ्यायचं असेल तर बाटलीवरचे घटक वाचावेत, कारण त्याच्या काही प्रकारांत त्वचेसाठी एरंडेल घातलेलं असतं आणि त्याचा तेलकट थर फळ्यावर राहतो. बाकी जुन्या बनियनची किंवा धोतराची पाच-सहा पांढरी फडकी, एक मायक्रोफायबरचं कापड, अर्धी बादली पाणी आणि एक नवा काळा व्हाइटबोर्ड मार्कर एवढं बास.

आयसोप्रोपिल अल्कोहोलची वाफ साधारण 12 अंश सेल्सिअस तापमानाच्या पुढे पेट घेऊ शकते, म्हणजे आपल्याकडे जवळजवळ बाराही महिने. खिडक्या उघड्या ठेवाव्यात, जवळ गॅस, उदबत्ती, सिगारेट असं काही पेटतं नसावं आणि हे काम मुलं घरी गेल्यावर करावं. हातात रबरी मोजे घातले तर त्वचा कोरडी पडत नाही.

प्रथम कोरड्या मायक्रोफायबरने सगळा फळा पुसायचा. वर बसलेली धूळ आणि शाईचा भुगा आधी निघाला नाही, तर तोच पुढे ओला होऊन फळाभर सारवला जातो.

मग मधला राखाडी ढग. तो म्हणजे एखादं विशिष्ट अक्षर नसून महिनोन् महिने मळक्या डस्टरने पसरवलेला शाईचा थर असतो. फळ्याचे मनातल्या मनात दीड-दीड फुटाचे चौकोन पाडायचे. एका वेळी एकच चौकोन घ्यायचा. अल्कोहोल फळ्यावर शिंपडायचं नाही, फडक्यावर घ्यायचं. शिंपडलं की ते ओघळून खालच्या चौकटीत जातं, आणि एमडीएफच्या उघड्या कडेला ओल लागली की ती फुगते. फडकं फिरवल्यावर पाच-सात सेकंद थांबून लगेच दुसऱ्या कोरड्या फडक्याने टिपून घ्यायचं.

बहुतेकांचं काम फसतं ते या टिपण्यावर. अल्कोहोल शाई विरघळवतं, पण ती कुठे नेत नाही. ते काही क्षणांत उडून जातं, आणि विरघळलेली शाई तोवर उचलली गेली नाही, तर ती त्याच जागी पातळ थर होऊन पुन्हा बसते. सगळा फळा एकाच फडक्याने जोरजोरात पुसणाऱ्याला शेवटी एकसारखा राखाडी फळा मिळतो आणि अल्कोहोलचा काही उपयोग नाही असं त्याचं मत होतं. फडक्याची प्रत्येक घडी एकदाच वापरायची, रंग लागला की घडी उलटायची, सगळ्या घड्या मळल्या की फडकं बदलायचं. एवढ्या फळ्याला चार-पाच फडकी लागतातच.

आता कोपऱ्यातलं वेळापत्रक. त्याचं रेझिन कडक झालेलं आहे, त्यामुळे एका हातात ते निघत नाही. इथे नवा काळा मार्कर कामी येतो. जुन्या अक्षरांवरून तो दाट गिरवायचा, पूर्ण झाकली जातील असा. ताज्या शाईतलं द्रव खालच्या जुन्या शाईला मऊ करतं, आणि तिच्यातला तेलकट घटक जुन्या शाईने गमावलेला निसरडेपणा काही अंशी परत आणतो. शाई ओलसर असतानाच, साधारण पाच सेकंदांत, कोरड्या फडक्याने पुसायची. एका वेळी दोन-तीन शब्दच घ्यायचे, म्हणजे मार्कर वाळून जात नाही. पहिल्या खेपेला अक्षरं फिकट होतात, दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला बहुतेक जातात. शेवटी त्या जागी अल्कोहोलचा हात द्यायचा. मार्कर नवाच हवा. शाई संपत आलेल्या मार्करमध्ये द्रव कमी उरलेलं असतं आणि त्याने गिरवलं तर जुन्यावर आणखी एक थर चढतो.

परमनंट मार्करचा लाल मथळाही याच पद्धतीने काढायचा. त्याच्या शाईतलं रेझिनही बहुधा अल्कोहोलमध्ये विरघळतं, म्हणून वरून गिरवून पुसलं की ते सुटतं. मथळा ताजा असेल तर तो वेळापत्रकापेक्षाही सहज निघतो, हे बघून पुष्कळांना नवल वाटतं.

सगळं झालं की शेवटचा टप्पा साध्या पाण्याचा. मायक्रोफायबर पाण्यात बुडवून घट्ट पिळायचं, सगळ्या फळ्यावरून फिरवायचं आणि दुसऱ्या कोरड्या कापडाने लगेच पुसून घ्यायचं. हा टप्पा लोक हमखास गाळतात. पण अल्कोहोलमध्ये न विरघळणारी धूळ, घामाचे मीठ आणि हाताचे ठसे पाण्यानेच निघतात. फळा पूर्ण वाळल्यावरच लिहायला घ्यावा.

नमुन्याच्या फळ्यावर एवढं केल्यावर कोपरा स्वच्छ झाला, मथळा गेला, कडेचे भाग नव्यासारखे झाले. मध्यभागी, शिक्षकाच्या छातीच्या उंचीला, दोन फूट रुंदीच्या पट्ट्यात आकड्यांच्या सावल्या मात्र राहिल्या. टॉर्च आडवा धरला तर तोच पट्टा मंद दिसतो. तिथला थर झिजला आहे आणि तिथे आणखी चोळण्यात अर्थ नाही.

जे करू नये

टूथपेस्ट, भांड्यांची पावडर, हिरवी घासणी, तारेचा काथ्या हे सगळे डाग ज्या थरावर आहे तो थरच थोडा खरवडून काढतात. म्हणून पहिल्या दिवशी फळा पांढरा दिसतो. पांढऱ्या रंगाचा स्पंज, जो पाण्यात भिजवून भिंतीवरचे डाग काढायला विकला जातो, त्याच्याकडे लोक निर्धास्तपणे वळतात, कारण तो हाताला मऊ लागतो. पण तो मेलामाइनच्या फेसापासून बनलेला असतो, त्याची सूक्ष्म जाळी चांगलीच कडक असते आणि तो अतिशय बारीक पॉलिश पेपरचंच काम करतो. भिंतीवर ते खपून जातं. फळ्याची चकाकी मात्र त्याने कमी होते.

थिनर आणि ॲसिटोनवालं नेलपॉलिश रिमूव्हर ही दुसरी जोडी. इनॅमलवर किंवा काचेवर त्यांनी काही बिघडत नाही. रंगीत पत्र्यावर मात्र ती रंगाचा थरच मऊ करतात, आणि मऊ थरात शाई कायमची मुरते. फळा कशाचा आहे हे नक्की माहीत नसेल तर ही दोन्ही दूर ठेवावीत.

खोबरेल तेल आणि फवाऱ्यातलं गंज काढायचं तेल यांनी डाग निघाल्यासारखे वाटतात आणि काही अंशी निघतातही. पुढे मात्र फळ्यावर तेलाचा थर राहतो. त्यावर मार्कर तुटक उमटतो, निब तेलकट होऊन बिघडतं आणि धूळ चिकटते. तेल वापरलंच असेल तर ते अल्कोहोलने पूर्ण काढून पाण्याने पुसायला हवं.

हँड सॅनिटायझरचंही काहीसं असंच. कोरोनानंतर त्याच्या बाटल्या घरोघरी पडून आहेत आणि त्यात अल्कोहोल असतं, त्यामुळे ते शाई काढतं. पण जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेल्या पाठातही त्वचेसाठी 1.45 टक्के ग्लिसरीन आहे, आणि जेलमध्ये दाटपणा आणणारा पदार्थ वेगळाच. दोन्ही फळ्यावर मागे राहतात. अडीनडीला सॅनिटायझर चालेल, फक्त नंतर पाण्याचा हात दोनदा द्यावा. साबणाच्या पाण्याने रोज फळा पुसणाऱ्यांच्याही हे लक्षात येत नाही, की साबणाचा पातळ थर साचत जातो आणि शाई फळ्याला न लागता त्या थरात अडकते.

झिजलेल्या फळ्याचं काय?

थर झिजला असेल तर काही काळ निभावून नेता येतं. मोटारीचं साधं वॅक्स, ज्यात घासणारी पावडर नाही असं, बोटभर घेऊन झिजलेल्या पट्ट्यावर अगदी पातळ चोळावं, वाळू द्यावं आणि मऊ कापडाने चमकवावं. ते छिद्रांत भरतं आणि शाईला आत जायला आडकाठी करतं. वॅक्स जाड झालं तर मार्कर घसरतो, म्हणून कमीच लावावं. ही मलमपट्टी काही आठवडे टिकते, कारण रोजच्या पुसण्याने आणि अल्कोहोलने वॅक्सही निघून जातं. आत शिरलेली जुनी अक्षरं त्याने जात नाहीत, फक्त नवी आत शिरायची थांबतात.

त्यापुढचा उपाय म्हणजे फळ्यावर चिकटवायची पांढरी व्हाइटबोर्ड फिल्म. ती रोलमध्ये मिळते. फळा सपाट असेल, कडा फुगलेल्या नसतील आणि लावणाऱ्याचा हात सराईत असेल, तर निकाल चांगला येतो. एकदा आत हवेचे बुडबुडे राहिले की लिहिताना मार्कर अडखळतो. फळीच फुगली असेल तर फिल्मचा खर्च वाया जातो. तेव्हा फळा उतरवून त्याच्यावर सूचनांचे कागद चिकटवावेत आणि लिहिण्यासाठी दुसरा आणावा.

मार्कर, शाई, डस्टर

डाग बसण्याची सुरुवात बहुतेक वेळा डस्टरपासून होते. फेल्टच्या डस्टरमध्ये शाईचा भुगा साचत जातो. तो तुडुंब भरला की डस्टर शाई उचलायचं सोडून पसरवू लागतं, आणि त्यातली रस्त्यावरची धूळ प्रत्येक फटकाऱ्याला फळ्यावर ओरखडे काढते. आठवड्यातून एकदा डस्टर खिडकीबाहेर झटकावं, महिन्यातून एकदा पाण्यात साबण घालून धुवावं आणि पूर्ण वाळल्यावरच वापरावं. डस्टरऐवजी मायक्रोफायबरची दोन कापडं आळीपाळीने वापरली तर धुणं सोपं जातं. फळ्यावर आठवड्यातून एकदा ओलसर कापड फिरवलं तर अल्कोहोलची गरज क्वचितच पडते.

लिहिलेलं लगेच, ओलं असताना पुसायची घाईही नडते. शाईचा पापुद्रा तयार व्हायला काही सेकंद लागतात. त्याआधी पुसलं तर तो सुटून येण्याऐवजी सारवला जातो आणि राखाडी ढगात भर पडते. कायम राहणारा मजकूर, म्हणजे वेळापत्रक, तक्त्याच्या उभ्या-आडव्या रेघा, बॅचची नावं, मार्करने लिहूच नये. रेघांसाठी बारीक रंगीत टेप मिळते आणि वेळापत्रक छापून चुंबकाने किंवा टेपने लावता येतं.

आपल्याकडे मार्कर फेकून न देता त्यात बाटलीतली शाई भरून वापरण्याची पद्धत आहे आणि ती काटकसरीची आहे. फक्त व्हाइटबोर्डची आणि परमनंट मार्करची शाई एकसारख्या छोट्या बाटल्यांत शेजारी शेजारी मांडलेली असते. घाईत दुसरी भरली गेली, तर तो मार्कर बाहेरून व्हाइटबोर्डचा आणि आतून परमनंटचा होतो, आणि मग दोष फळ्याला दिला जातो. बाटली उघडण्याआधी लेबल वाचावं आणि भरून झाल्यावर पहिली रेघ फळ्यावर न मारता बशीत मारून पाण्याचा प्रयोग करून पाहावा. रेघ तरंगली तर शाई बरोबर आहे.

नवा फळा घ्यायला जाताना खिशात एक लोहचुंबक आणि एक चांगला मार्कर असावा. दुकानात चुंबक लावून पाहावा, बिलावर मेलामाइन, रंगीत पत्रा की इनॅमल हे लिहून घ्यावं. दुकानदार तयार असेल तर त्याच्याकडच्या नमुन्याच्या तुकड्यावर संध्याकाळी दोन ओळी लिहून दुसऱ्या दिवशी कोरड्या कापडाने पुसून पाहाव्यात. एका रात्रीत सावली धरणारा तुकडा पुढच्या वर्षी काय करेल ते तिथेच कळतं. इनॅमलचा फळा महाग पडतो, पण त्याच्या पृष्ठभागाला अनेक उत्पादक वीस-पंचवीस वर्षांची हमी देतात. रोज सहा-सात तास लिहिलं जाणाऱ्या वर्गाला तो परवडतो. आठवड्यातून एकदा सभेपुरता लागणाऱ्या सोसायटीच्या ऑफिसला मेलामाइनचा साधा फळा पुरे, फक्त तो बसवल्यावर त्याची संरक्षक फिल्म सोलायला विसरू नये.